घरी करायला दिलेली असाइनमेंट: परीक्षा की फुकटचं काम?

नोकरी शोधत होते तेव्हा एका कंपनीसाठी मी तीन रात्री जागून अपॉइंटमेंट बुकिंगचा अख्खा मॉड्यूल लिहिला होता. पाठवला. "मिळालं, कळवतो," एवढं उत्तर आलं आणि पुढे काहीच नाही. दोनेक महिन्यांनी माझ्या एका मैत्रिणीला त्याच कंपनीकडून असाइनमेंट आली: "सोबतच्या कोडमध्ये ऑनलाइन पेमेंट जोडा." ती एका ठिकाणी अडली म्हणून तिने मला स्क्रीन दाखवली. तिसऱ्याच फाइलमध्ये एक मराठी कॉमेंट होती: "इथे वेळ यूटीसीत ठेवलीय, दाखवताना बदलायची." ती मी लिहिलेली होती. माझं काम पुढच्या उमेदवाराला पाया म्हणून दिलं होतं आणि तिचं काम बहुधा तिसऱ्याला जाणार होतं.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. असाइनमेंट तयार करते, आलेल्या तपासते. त्यामुळे खरी परीक्षा कशी असते आणि परीक्षेच्या नावाखाली काम कसं काढून घेतात, हे दोन्ही मी जवळून पाहिलंय. पहिल्यांदाच अशी असाइनमेंट हातात आलेल्यांसाठी हे लिहितेय. उदाहरण प्रोग्रामिंगचं आहे, कारण माझं क्षेत्र तेच. डिझाइन, लेखन, भाषांतर यांचं काय, ते मधे थोडक्यात सांगते.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- असाइनमेंटचा मूळ मेल आणि सोबतची फाइल. लिंक असेल तर पानाची पीडीएफ काढून ठेवा, कारण लिंकवरचा मजकूर नंतर बदलता येतो.
- नोकरीच्या जाहिरातीची प्रत. जाहिरात उतरवली जाते आणि मग नेमकं काय पद होतं तेच दाखवता येत नाही.
- ज्या पोर्टलवर काम चढवायचं आहे त्याच्या अटी.
- वेळेची नोंद करायला साधी वही किंवा शीट.

## 1. आधी एकच प्रश्न विचारा

असाइनमेंट वाचून झाली की स्वतःला विचारा: "त्यांनी मला नोकरी दिलीच नाही, तरी हे काम त्यांच्या उपयोगाचं आहे का?"

खऱ्या परीक्षेत याचं उत्तर "नाही" असतं, आणि त्याला कारण आहे. तपासणाऱ्याला दहा-बारा उमेदवारांची तुलना करायची असते. म्हणून सगळ्यांना तोच प्रश्न लागतो, त्याचं बरं उत्तर कसं दिसतं हे त्याला आधीच माहीत असावं लागतं, आणि एकेक उत्तर अर्ध्या तासात वाचून व्हावं लागतं. अशी उत्तरपत्रिका तपासून झाली की तिचं काम संपलं. ग्रंथालयातली पुस्तकं देणं-घेणं, काल्पनिक दुकानाचा साठा मोजणं, असे विषय परीक्षेत दिसतात ते यामुळेच.

काम काढून घेणाऱ्याला तुलना करायची नसते, त्यामुळे त्याची असाइनमेंट उलट दिसते. त्यात त्यांच्याच उत्पादनाचं नाव असतं, त्यांच्याच एपीआयला जोडायचं असतं, खऱ्या ग्राहकांचा डेटा असतो, आणि "थेट वापरता येईल असं हवं" किंवा "सर्व्हरवर चढवून लिंक द्या" असं वाक्य कुठेतरी सापडतं. वेगवेगळ्या उमेदवारांना वेगवेगळे तुकडे मिळतात. एकाला लॉगिन, दुसऱ्याला पेमेंट, तिसऱ्याला रिपोर्ट. हे एकट्या उमेदवाराला कळणं अवघड असतं. तुमच्या ओळखीतल्या कुणी तिथे अर्ज केला असेल तर "तुला काय दिलं होतं?" एवढं जरूर विचारा. मला सत्य कळलं ते याच मार्गाने.

इथे एक काळजी घ्या. असाइनमेंटमध्ये कंपनीच्या उत्पादनाचं नाव आहे एवढ्यावरून ती लबाडी ठरत नाही. बऱ्याच चांगल्या कंपन्या स्वतःचाच जुना, सोडवून झालेला प्रश्न देतात, कारण त्यातल्या खाचाखोचा त्यांना पाठ असतात. "हे तुम्ही आधी सोडवलंय का?" असं विचारलं की फरक लगेच कळतो. ज्यांनी सोडवलंय ते मोकळेपणाने "हो" म्हणतात आणि इंटरव्ह्यूत स्वतःचा तोडगाही दाखवतात.

## 2. दिलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा

माझ्या असाइनमेंटवर लिहिलं होतं: "अंदाजे वेळ 4 तास, मुदत 3 दिवस." मी ते खरं मानलं. चार तासांत संपेना तेव्हा मीच कमी पडतेय असं वाटत राहिलं. ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून कोड उघडायच्या आधी मागण्यांचे तुकडे पाडा आणि प्रत्येकापुढे तास लिहा. माझी यादी आज मी अशी केली असती:

- प्रकल्पाची मांडणी: 1 तास
- लॉगिन: 2 तास
- कॅलेंडर आणि वेळा राखून ठेवणं: 4 तास
- बुकिंग रद्द करणं: दीड तास
- ईमेल सूचना: दीड तास
- ॲडमिन पॅनेल: 4 तास
- टेस्ट: 3 तास
- सर्व्हरवर चढवणं: दीड तास
- README लिहिणं: 1 तास

बेरीज साडेएकोणीस तास. लिहिलेल्या वेळेच्या जवळजवळ पाचपट. "अंदाजे" या शब्दात थोडं कमीजास्त बसतं, पाचपट बसत नाही. तुमची बेरीज सांगितलेल्या वेळेच्या दीडपटीपर्यंत असेल तर तो साधा चुकलेला अंदाज समजा. दुपटीच्या वर गेली की काही न लिहिता थांबा आणि तिसऱ्या पायरीवर या.

मुदतीकडेही पाहा. चार तासांच्या कामाला तीन दिवस देणं ठीक आहे, कारण माणसं नोकरी सांभाळून हे करतात. पण वीस तासांच्या कामाला तीन दिवस म्हणजे तुमच्या रात्री गृहीत धरल्या आहेत.

आणखी एक माप आहे: त्यांनी तुमच्यावर किती वेळ घालवला? एकाही माणसाशी बोलणं न होता, अर्ज केल्याच्या तासाभरात मोठी असाइनमेंट आली, तर त्यांच्या बाजूने आतापर्यंत एका तयार मेलचा खर्च झालाय. मी स्वतः असाइनमेंट द्यायच्या आधी उमेदवाराशी निदान वीस मिनिटं बोलते. ज्याला घ्यायची शक्यताच नाही त्याची संध्याकाळ वाया घालवायचा मला हक्क नाही.

## 3. काम सुरू करण्याआधी मेल करा

विचारलं तर नाराज होतील, संधी जाईल, ही भीती मला चांगली माहीत आहे. पण खरी परीक्षा घेणाऱ्याला हे प्रश्न नवे नसतात. माझ्याकडे असे मेल येतात तेव्हा मला बरंच वाटतं, कारण कामावरही हाच माणूस अर्धवट मागणी आल्यावर आधी विचारून घेईल. मेल असा लिहा:

"नमस्कार, असाइनमेंट मिळाली, धन्यवाद. सुरू करण्याआधी चार गोष्टी विचारायच्या होत्या. हे काम कोण तपासणार आणि कशावर गुण देणार? सगळ्या उमेदवारांना हीच असाइनमेंट आहे का? पाठवल्यानंतर त्यावर चर्चा होणार आहे का? आणि निवड न झाल्यास या कामाचं पुढे काय होतं? माझ्या हिशेबाने सगळ्या मागण्यांना साधारण 19 ते 20 तास लागतील. सांगितलेल्या 4 तासांत कोणता भाग करावा असं तुम्ही सुचवाल?"

शेवटच्या प्रश्नात तक्रार नाही, पण आकडा स्पष्ट आहे. आता उत्तर नीट वाचा. "हो, आमची चूक झाली, फक्त बुकिंगचा भाग करा," असं आलं तर शंका बाजूला ठेवा, ही माणसं सरळ आहेत. "जेवढं जमेल तेवढं करा, पण बाकीचे उमेदवार पूर्ण करून देतात," असं आलं तर तुमच्या स्पर्धेच्या भीतीवर काम काढून घ्यायचा तो प्रयत्न आहे. आणि चौथ्या प्रश्नाला बगल दिली, तर तेवढाच प्रश्न एकदा परत विचारा. "निवड न झाल्यास आम्ही ते वापरत नाही," हे सात शब्द लिहून द्यायला सरळ माणसाला काहीच लागत नाही.

बोलणं फोनवर झालं तर लगेच मेल टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे फक्त बुकिंगचा भाग करायचा ठरलं." पुढे कधी गरज पडली तर हीच नोंद कामाला येते.

## 4. अख्खं नको, एक अवघड तुकडा करून देतो म्हणा

नुसतं "हे फार आहे" म्हटलं तर समोरच्याकडे दोनच वाटा उरतात, दबाव टाकायचा किंवा सोडून द्यायचं. त्यापेक्षा तुम्हीच छोटी असाइनमेंट सुचवा. त्यासाठी दिलेल्या कामात कौशल्य नेमकं कुठे लागतं ते शोधा.

माझ्या उदाहरणात ते ॲडमिन पॅनेलमध्ये नव्हतं. अवघड जागा एकच होती: दोन माणसांनी एकाच क्षणी एकच वेळ मागितली तर काय? नवखा प्रोग्रामर आधी "ही वेळ मोकळी आहे का?" असं डेटाबेसला विचारतो आणि "आहे" म्हटलं की नोंद टाकतो. पण त्या दोन पावलांच्या मधल्या क्षणात दुसऱ्यालाही "मोकळी आहे" असंच उत्तर मिळतं, आणि एका वेळेवर दोन बुकिंग होतात. याचा भरवशाचा उपाय डेटाबेसलाच नियम घालून देणं. पोस्टग्रेसमध्ये तो असा लिहितात:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_live_booking
  ON bookings (staff_id, slot_start)
  WHERE status = 'confirmed';
```

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. ती नसेल तर रद्द झालेलं बुकिंगसुद्धा ती वेळ अडवून बसतं आणि मोकळी झालेली वेळ पुन्हा कुणालाच मिळत नाही. हा एवढा तुकडा, त्यावर दोन विनंत्या एकदम पाठवणारी एक टेस्ट, आणि "दुसऱ्या माणसाला काय संदेश दाखवायचा" यावर चार ओळी. दोन तासांचं काम. तपासणारी म्हणून सांगते, वीस तासांच्या मॉड्यूलमधून उमेदवाराबद्दल जे कळतं त्यापेक्षा मला यातून जास्त कळतं, कारण यात लपायला जागा नसते.

म्हणून लिहा: "संपूर्ण मॉड्यूलऐवजी एका वेळेवर दोन बुकिंग होऊ नयेत हा भाग टेस्टसह दोन तासांत करून देते आणि बाकीची रचना अर्धा तास कॉलवर समजावते. चालेल का?" परीक्षा घ्यायची असेल तर याला नाही म्हणायचं कारण उरत नाही. ज्यांना मॉड्यूलच हवा आहे ते मात्र इथे हटून बसतात, कारण या तुकड्याने त्यांचं ॲप पूर्ण होत नाही.

दुसरी वाट मोबदल्याची. मोठं काम खरंच बघायचं असेल तर काही कंपन्या पैसे देऊन एक-दोन दिवसांचं काम करून घेतात, आणि ते सरळ आहे. फक्त रक्कम, तास आणि कधी मिळणार हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. "निवड झाली तर पहिल्या पगारात धरू" हा मोबदला नव्हे.

इतर क्षेत्रांतही हाच नियम लावा. भाषांतराच्या चाचणीला दोन-तीनशे शब्द पुरतात. कुणी दहा पानं दिली आणि दुसऱ्या उमेदवाराला त्यापुढची दहा, तर एक अख्खं पुस्तक फुकटात होतंय. डिझायनरने स्क्रीनचं चित्र किंवा पीडीएफ द्यावी, थरांसकट मूळ फाइल देऊ नये. लेखकाला पाच लेख मागितले तर एक लेख आणि उरलेल्यांचे आराखडे पुरेत. मार्केटिंगवाल्यांची अडचण सगळ्यात मोठी आहे. "आमच्यासाठी तीन महिन्यांची योजना करा" यात कल्पना हेच काम असतं, आणि कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या शब्दांत किंवा चित्रांत मांडली त्या मांडणीला मिळतो. त्यांनी योजना लेखी न पाठवता समोर बसून सांगावी, किंवा दुसऱ्याच एखाद्या उत्पादनावर करून दाखवावी.

## 5. काम करताना आणि पाठवताना

काम स्वतःच्या खाजगी रेपोत करा. त्यांच्या रेपोत थेट ब्रँच काढायला सांगत असतील तर ती धोक्याची खूण आहे, कारण तिथून मर्ज करायला एक क्लिक पुरतं. थोडं काम झालं की कमिट करत जा आणि पुश करा. शेवटी ही आज्ञा चालवून यादी जपून ठेवा:

```
git log --date=iso --format='%ad %s'
```

कमिटवरच्या तारखा बदलता येतात, त्यामुळे हा पक्का पुरावा नव्हे. पण मेलच्या तारखांबरोबर ठेवला तर काम कुणी, कधी केलं हे पुरेसं स्पष्ट दिसतं.

खऱ्या ग्राहकांचा डेटा किंवा चालू सर्व्हरच्या चाव्या पाठवल्या असतील तर त्या वापरू नका. डमी डेटा मागा, नाहीतर स्वतः बनवा. आणि त्यांनी दिलेला कोड आंधळेपणाने चालवू नका. खोट्या नोकरीच्या असाइनमेंटमधून संगणकात घुसण्याचे प्रकार झाले आहेत. `npm install` केल्याबरोबर पॅकेजमधल्या स्क्रिप्ट आपोआप चालू शकतात. `npm install --ignore-scripts` ने त्या थांबतात, पण पुढे तुम्ही ॲप चालवलंत की त्यातला कोड चालणारच. अनोळखी रेपो म्हणूनच व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडा, जिथे तुमचे पासवर्ड आणि फाइली नाहीत.

`README.md` मध्ये सगळ्यात वर, मेलव्यवहार ज्या भाषेत चाललाय त्या भाषेत, हे लिहा:

"हे काम निवड प्रक्रियेतील मूल्यमापनासाठी केले आहे. कॉपीराइट माझ्याकडे आहे. मूल्यमापनाखेरीज इतर कोणत्याही वापरासाठी माझी लेखी परवानगी आवश्यक आहे."

याला आधार आहे. 1886 च्या बर्न करारानुसार काम तयार झालं की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही, आणि जगातले बहुतेक देश या करारात आहेत. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाकडे जातो, पण उमेदवार अजून नोकर नसतो. हा हक्क हातचा जातो तो बहुतेक वेळा एका टिचकीने: काम चढवण्याच्या पोर्टलवर "मला अटी मान्य आहेत" असा चौकोन असतो आणि आत कुठेतरी "सादर केलेल्या साहित्याचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील" असं लिहिलेलं असतं. चढवण्याआधी अटींच्या पानावर "हक्क" आणि "मालकी" हे शब्द शोधा. सापडले तर काम पोर्टलवर न चढवता मेलने पाठवायची परवानगी मागा.

ही सूचना कुलूप नव्हे. ज्याला चोरायचंच आहे तो ती ओळ पुसेल, आणि एका मॉड्यूलसाठी कोर्टात जाणं बहुतेकांना परवडत नाही. तरीही ती लिहा. कंपनीतला प्रत्येक जण लबाड नसतो, आणि "हे वापरायचं नाही असं लिहिलंय" म्हणून हात मागे घेणारा एखादा प्रोग्रामर तिथे असू शकतो.

ठरवलेली वेळ संपली की थांबा. काय राहिलं आणि ते कसं केलं असतं हे README मध्ये पाच-सहा ओळींत लिहा. मी तपासताना हा भाग सगळ्यात आधी वाचते. नोकरीची फार निकड असेल आणि शंका असूनही करायचं ठरवलंत, तर निदान ही तासांची मर्यादा मोडू नका.

## 6. पाठवल्यानंतर

सांगितलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी एक मेल करा, आठवड्याने दुसरा. तिसरा करू नका, तो वेळ दुसऱ्या अर्जाला द्या. नकार आला तर कामावर दोन ओळींचा अभिप्राय मागा. ज्यांनी खरंच तपासलं त्यांना तुमच्या कामातली एक तरी जागा आठवते. "तुमच्यापेक्षा सरस उमेदवार मिळाला" एवढंच आलं आणि एकही ओळ कामाबद्दल नसेल, तर ते कुणी उघडून पाहिलं की नाही याची मला शंका येते.

निवड न होता पहिलं काम "आवडलं" म्हणून दुसरी असाइनमेंट आली, तर दुसरी फुकट करू नका. पहिल्यावर चर्चा करू म्हणा. काम कुठे वापरलेलं दिसलंच तर आधी स्क्रीनशॉट तारखेसह काढा, मग कंपनीला शांतपणे मेल करा: काय दिसलं, तुमची README मधली ओळ, आणि काम काढावं किंवा मोबदला द्यावा ही मागणी. मी हे केलं नव्हतं. माझ्याकडे मूळ मेलसुद्धा उरला नव्हता, फक्त ती कॉमेंट होती.

शेवटी त्या कामातून कंपनीचं नाव, लोगो आणि डेटा काढून टाका आणि ते स्वतःच्या पोर्टफोलिओत ठेवा. गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल तर आधी त्यात काय दाखवायला मनाई आहे ते वाचा. माझा बुकिंगचा मॉड्यूल मी असाच साफ करून ठेवला. पुढच्या इंटरव्ह्यूत त्यांनी वेगळी असाइनमेंट दिलीच नाही. हाच कोड उघडायला सांगितला आणि एका वेळेवर दोन बुकिंग कशी अडवलीस, यावर आम्ही पाऊण तास बोललो.